सत्रातल्या वक्त्यांचा क्रम कसा लावायचा, आणि लांबलेली भाषणे कुठे जिरवायची

चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्र समन्वयक’ या शब्दांपुढे पहिल्यांदा आपले नाव छापून येते, तेव्हा हातात पाच निबंधवाचकांची यादी असते आणि ती कोणत्या क्रमाने लावायची हे सांगायला कोणी नसते. मग बहुतेक जण दोनपैकी एक सोपा मार्ग धरतात. सारांश ज्या क्रमाने ईमेलवर आले तोच क्रम ठेवतात, नाहीतर ज्येष्ठतेप्रमाणे लावतात. मुंबईतल्या महाविद्यालयांमध्ये मी बरीच सत्रे लावली आहेत आणि त्याहून जास्त सत्रांत बसून ऐकले आहे. या दोन्ही क्रमांनी सत्र कुठे अडखळते ते आधीच सांगता येते.

जाणकार मंडळी एक सल्ला देतात: सगळ्यांत चांगले भाषण पहिले ठेवा आणि दुसरे चांगले शेवटी. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. आधीच्या प्रत्येकाने घेतलेली जादा मिनिटे शेवटच्या वक्त्याच्या वाट्यातून जातात. तुम्ही विचार करून चांगला वक्ता शेवटी ठेवलात आणि बाकी काहीच केले नाहीत, तर दुपारी पावणेएकला त्याच्या हातात ‘पाच मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी पडते. म्हणून क्रम आणि वेळेचा हिशेब एकत्रच करावा लागतो. खाली साडेअकरा ते एक अशा ९० मिनिटांच्या, पाच वक्त्यांच्या सत्राचे उदाहरण घेतले आहे. एक वाजता जेवण आहे.

१. आधी प्रत्येक वक्त्यापुढे तीन नोंदी करा

नोंदवहीत पाच नावे लिहा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा.

पहिला प्रश्न: हा माणूस वेळ पाळतो का? माहीत नसेल तर शोधायचे दोन मार्ग आहेत. स्लाइड वापरणार असतील तर किती स्लाइड आहेत ते विचारा. बारा मिनिटांच्या भाषणाला पस्तीस स्लाइड असतील तर उत्तर मिळाले. निबंध कागदावरून वाचणार असतील तर पाने विचारा. टंकलिखित मराठी पान सावकाश वाचायला साधारण अडीच-तीन मिनिटे लागतात (स्वतः एक पान घड्याळ लावून वाचून बघा), म्हणजे बारा मिनिटांत चार-साडेचार पाने होतात. ‘माझा निबंध बारा पानांचा आहे, पण मी थोडक्यात सांगेन’ असे कोणी म्हणाले तर त्या नावापुढे लाल खूण करा. बारा पानांचे थोडक्यात ऐनवेळी व्यासपीठावर करता येत नाही.

दुसरा प्रश्न: हे भाषण सभागृहातल्या निम्म्याहून जास्त लोकांना कळेल का? ‘चांगले भाषण’ म्हणजे मोठ्या नावाचे भाषण असे धरू नका. आपल्या सोयीसाठी चांगले भाषण म्हणजे विषयाबाहेरच्या माणसालाही धरून ठेवणारे आणि वेळेत संपणारे. दोन्ही हवे. नुसते रंगणारे पण वीस मिनिटे चालणारे भाषण या हिशेबात चांगले धरायचे नाही.

तिसरा प्रश्न मुंबईचा: ती व्यक्ती कुठून येणार आहे? रविवार असेल तर मेगाब्लॉक बघा. कर्जतहून किंवा पनवेलहून त्या सकाळी निघणाऱ्या वक्त्याला पहिला ठेवू नका, मग भाषण कितीही सुंदर असो. जुलै-ऑगस्टमध्ये हे कोणत्याही वारी लागू आहे. आदल्या रात्री अतिथीगृहात उतरलेला, नाहीतर चालत येण्याइतक्या अंतरावर राहणारा वक्ता पहिल्या जागेसाठी सुरक्षित.

२. नव्वद मिनिटांतून आधी न दिसणारी मिनिटे वजा करा

नवखा समन्वयक ९० भागिले ५ असे करतो, प्रत्येकाला १८ मिनिटे देतो आणि पत्रिका छापायला पाठवतो. या भागाकारात सत्राध्यक्षांचे प्रास्ताविक नाही, एक वक्ता उतरून दुसरा चढेपर्यंतचे मिनिट नाही, फाइल उघडायचे अर्धे मिनिट नाही आणि चूक व्हायला जागा तर अजिबात नाही.

त्याऐवजी असा हिशेब करा. प्रत्येकाला बोलायला १२ मिनिटे, प्रश्नांना ३ आणि अदलाबदलीला १, म्हणजे एका वक्त्यामागे १६. पहिल्या चौघांचे ६४ झाले. शेवटच्या वक्त्यानंतर अदलाबदल नाही, म्हणून त्याचे १५. प्रास्ताविकाला ३ आणि समारोपाला १. बेरीज ८३. उरली सात मिनिटे, आणि सगळा खेळ या सात मिनिटांवर आहे.

इथे एक सापळा आहे. ही सात मिनिटे पाच जणांत वाटून टाकायचा मोह होतो. वाटू नका. एकेकाला सव्वा-दीड मिनिट जास्त दिले तर प्रत्येक जण ते आपले समजून वापरतो आणि शेवटी तुमच्याकडे काही उरत नाही. ती एकत्र, एकाच ठिकाणी ठेवायची. कुठे, ते पुढे येते.

बारा मिनिटे कमी आहेत अशी तक्रार येईल. तेव्हा एक निबंध कमी घ्या किंवा सत्र मोठे करा. सहावा निबंध ‘कुलगुरूंच्या ओळखीचा आहे, बसवून टाका’ म्हणून आला तर ही सात मिनिटे देऊन तो बसत नाही, त्याला सोळा लागतात. हे गणित कागदावर दाखवता आले की नकार द्यायला सोपे जाते.

३. क्रम: टोके, मधली माणसे आणि लाल खूण

पहिल्या जागी वेळ पाळणारा, सगळ्यांना कळेल असे बोलणारा आणि साडेअकराला सभागृहात नक्की असणारा वक्ता. सुरुवात रंगणे हे एक कारण आहेच. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे: पहिला वक्ता उरलेल्या चौघांना नियम शिकवतो. तो बाराव्या मिनिटाला थांबला तर बाकीचे पुढच्या रांगेत बसून आपल्या स्लाइड मोजू लागतात. तो अठरा मिनिटे बोलला आणि त्याला कोणी थांबवले नाही, तर सगळ्यांनाच अठरा मिळतात असा अर्थ निघतो.

दुसऱ्या जागी नवखा निबंधवाचक, बहुधा पीएच.डी.चा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. तोपर्यंत उशिरा येणारे येऊन बसलेले असतात, सभागृह सर्वांत भरलेले असते आणि ऐकणाऱ्यांचा धीर अजून शाबूत असतो. नवखे लोक घाबरून बरेचदा वेळेआधी संपवतात, तीही दोन मिनिटे तुमच्या पदरात पडतात. तिसऱ्या जागी अगदी बारीक, खास विषयाचा निबंध, जो सात-आठ जणांनाच पूर्ण कळणार आहे. त्याला दोन्ही बाजूंनी सोबत असते.

लाल खूण केलेला वक्ता चौथा. त्याला पहिला ठेवला तर त्याचा उशीर चौघांच्या डोक्यावर जातो, सकाळी कुर्ल्याला एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्या अडकतात तसा. त्याला शेवटी ठेवायचाही मोह होतो, कारण ‘पुढे जेवणच आहे, बोलू दे’. पण त्याच्यापुढे कुंपणच नसते आणि लोक मागच्या दाराने एकेक करून पानावर जाऊन बसतात. चौथ्या जागी मात्र त्याच्यानंतर लगेच ती सात मिनिटे ठेवता येतात.

आणि पाचव्या जागी दुसरा चांगला वक्ता.

ज्येष्ठतेचा प्रश्न इथे उभा राहतोच. आपल्याकडे सर्वांत मोठा माणूस शेवटी बोलतो, अध्यक्ष समारोप करतात, ही सवय मुरलेली आहे. ज्येष्ठ प्राध्यापक चौथ्या जागेवर नाराज होणार असतील तर आदल्या आठवड्यात फोन करा आणि ‘सर, तुमच्यानंतर लगेच एकत्रित चर्चा ठेवली आहे, तुमच्या निबंधावरून ती सुरू होईल’ असे सांगा. हे खोटे नाही, आणि मान राखला जातो. पत्रिका छापून झाल्यावर त्यांना क्रम कळला तर मात्र समजूत काढणे कठीण जाते.

४. सात मिनिटे शेवटच्या वक्त्याच्या आधी

ती सात मिनिटे चौथ्या आणि पाचव्या वक्त्याच्या मध्ये ठेवा आणि पत्रिकेत त्यांना नाव द्या: ‘एकत्रित प्रश्नोत्तरे’. ‘राखीव वेळ’ असे कधीही छापू नका. राखीव वेळ दिसला की तो आपल्यासाठीच आहे असे प्रत्येकाला वाटते. ‘एकत्रित प्रश्नोत्तरे’ हा खरा कार्यक्रम आहे. वेळ असेल तर तो छान होतो, नसेल तर एका मिनिटात आवरता येतो आणि कोणाचेही भाषण कापले जात नाही.

बरेच लोक ही चर्चा सत्राच्या अगदी शेवटी ठेवतात. दिसायला नीटस दिसते, पण तिथे तिचा उपयोग नाही. शेवटी ठेवलेली चर्चा कापून पाचव्या वक्त्याला मिनिटे मिळतात हे खरे, पण तो सुरूच उशिरा होतो, आणि एक वाजत आला की त्याच्या भाषणात लोकांचे लक्ष घड्याळाकडे असते. चर्चा त्याच्या आधी असेल तर तो ठरल्या मिनिटाला सुरू होतो.

शेवटी न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द जास्त लक्षात राहतात हे स्मरणशक्तीच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. १९६६ मध्ये ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी दाखवले, की यादी संपल्यावर लगेच आठवायला न सांगता तीस सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा होतो. सुरुवातीच्या शब्दांचा टिकतो. हे प्रयोग शब्दांच्या याद्यांवरचे आहेत, बारा मिनिटांच्या भाषणाला ते जसेच्या तसे लावू नयेत. तरी व्यवहारात मला तेच दिसते. शेवटच्या सुंदर भाषणानंतर दहा मिनिटे स्मृतिचिन्हे, प्रमाणपत्रे आणि आभार झाले, की जेवणाच्या रांगेत बोलणे चालते ते स्मृतिचिन्हांबद्दल.

५. वक्त्यांना निरोप: दोन आकडे वेगळे लिहा

‘प्रश्नांसह १५ मिनिटे’ असे लिहिले की वाचणारा ‘१५ मिनिटे’ एवढेच वाचतो. खोटा कमी वेळ सांगून मागून सवलत द्यायची युक्ती काही जण करतात. मला ती पटत नाही, कारण दुसऱ्या वर्षी सगळ्यांना ती माहीत झालेली असते. सरळ लिहा. आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा:

‘नमस्कार मॅडम. आपला निबंध रविवारी दुसऱ्या सत्रात तिसऱ्या क्रमांकावर आहे. बोलणे १२ मिनिटे, त्यानंतर प्रश्न ३ मिनिटे. दहाव्या मिनिटाला पिवळे कार्ड आणि बाराव्या मिनिटाला लाल कार्ड दाखवले जाईल. बोलणे लांबल्यास ती मिनिटे आपल्याच प्रश्नोत्तरांतून जातील. स्लाइड शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवाव्यात, ही विनंती.’

‘आपल्याच प्रश्नोत्तरांतून’ हे वाक्य गाळू नका. लाल कार्ड दाखवताना अध्यक्षांना त्याच वाक्याचा आधार असतो.

सत्राध्यक्षांशी वेगळे बोला. ते बहुधा बाहेरचे पाहुणे असतात आणि अध्यक्षीय समारोप पंधरा मिनिटांचा असतो असे समजून तयारी करून येतात. त्यांना आधीच नम्रपणे सांगा: प्रास्ताविक तीन मिनिटे, समारोप एक मिनिट, प्रत्येक वक्त्याची ओळख दोन वाक्ये. पानभर परिचय वाचायचा झाला तर पाच वक्त्यांमागे तुमची सात मिनिटे तिथेच संपतात. स्मृतिचिन्हे प्रत्येक भाषणानंतर द्यायची नाहीत. एक सत्कार, एक फोटो, एक हस्तांदोलन यात दीड-दोन मिनिटे जातात. जेवणानंतरच्या सत्राआधी सगळ्यांना एकत्र द्या, फोटोही बरा येतो.

६. आदल्या संध्याकाळी जवळ असायला हवे ते

- पाचही सादरीकरणे एकाच लॅपटॉपवर, नावाआधी क्रमांक घालून, आणि प्रत्येकाची पीडीएफ प्रतही
- एचडीएमआय आणि व्हीजीए या दोन्ही जोडण्या, कारण जुन्या सभागृहांत प्रोजेक्टर कोणता निघेल सांगता येत नाही
- पिवळे आणि लाल कार्ड, जाड पुठ्ठ्याचे, शेवटच्या रांगेतूनही दिसेल एवढे
- अध्यक्षांसाठी वेळेचा तक्ता, ज्यात प्रत्येक भाषण कधी सुरू व्हायचे ते घड्याळाच्या वेळेत लिहिलेले आहे आणि पुढे प्रत्यक्ष वेळ लिहायला मोकळा रकाना आहे
- पाचही वक्त्यांचे मोबाइल क्रमांक, कागदावर

पीडीएफचा आग्रह मराठी सादरीकरणांसाठी खास धरा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मग वक्ता पेनड्राइव्ह शोधतो, कोणीतरी फॉन्ट मागवतो, आणि तीन-चार मिनिटे जातात. वक्त्याने स्वतःच्या संगणकावरून पीडीएफ करून पाठवली तर अक्षरे शाबूत राहतात. व्हिडिओ असेल तर तो वेगळा मागवा आणि आवाजासकट एकदा चालवून बघा.

७. सत्र चालू असताना: एका उदाहरणाचा हिशेब

तक्त्याप्रमाणे भाषणे ११.३३, ११.४९, १२.०५ आणि १२.२१ ला सुरू व्हायची आहेत, एकत्रित प्रश्नोत्तरे १२.३७ ला आणि पाचवे भाषण १२.४४ ला. नेहमी होते तसे समजू. उद्घाटनात एका मान्यवरांचे मनोगत लांबले, चहा उशिरा आला, आणि सत्र ११.३५ ला सुरू झाले.

अध्यक्षांनी प्रास्ताविक एका मिनिटात केले. पहिले भाषण ११.३६ ला सुरू, तीन मिनिटे उशीर. ते वेळेत झाले, प्रश्न झाले, ११.५२. दुसऱ्या विद्यार्थिनीने दहा मिनिटांत संपवले, तीन मिनिटे प्रश्न घेतले. तिच्या वाचलेल्या दोन मिनिटांत प्रश्न वाढवायचे नाहीत, उशीर भरून काढायचा. १२.०६, आता एकच मिनिट उशीर. तिसऱ्याचा व्हिडिओ चालेना, तीन मिनिटे गेली. त्याला बारा मिनिटे पूर्ण बोलू दिले आणि एकच प्रश्न घेतला. १२.२३. चौथे सर एकोणीस मिनिटे बोलले. त्यांचे प्रश्न झाले नाहीत, एक मिनिट अदलाबदलीत गेले, १२.४३. सात मिनिटांच्या प्रश्नोत्तरांतले एक मिनिट उरले. अध्यक्ष म्हणाले, ‘सरांच्या निबंधावरचे प्रश्न आपण जेवताना त्यांना विचारू.’ पाचवे भाषण १२.४४ ला सुरू झाले, पत्रिकेत छापले होते त्याच मिनिटाला.

आता हाच दिवस अठरा-अठरा मिनिटांच्या पत्रिकेवर मोजा: पंधरा बोलणे, तीन प्रश्न. ११.३५ ला सुरुवात, एक मिनिट प्रास्ताविक. पहिले भाषण, प्रश्न आणि अदलाबदल धरून ११.५५. दुसरीने इथेही दोन मिनिटे वाचवली, १२.१२. तिसऱ्याचा व्हिडिओ आणि एकच प्रश्न, १२.३२. चौथे सर इथेही सात मिनिटे जास्त बोलले, त्यांचे प्रश्न कापले, तरी १२.५५. शेवटच्या वक्त्याला पाच मिनिटे. कोणीही वेगळे वागलेले नाही, फक्त पत्रिका वेगळी आहे.

लाल खुणेच्या वक्त्याला थांबवण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सात मिनिटे संपली की पुढे तुमच्याकडे काही नाही. कार्ड दाखवणारा माणूस पुढच्या रांगेत, वक्त्याच्या थेट समोर बसला पाहिजे. व्यासपीठावर बाजूला बसलेल्या अध्यक्षांनी दाखवलेले कार्ड वक्त्याला दिसत नाही, किंवा दिसले नाही असे म्हणता येते. लाल कार्डानंतर दोन मिनिटे झाली की अध्यक्षांनी जागेवर उभे राहायचे, काही बोलायचे नाही. आणखी दोन मिनिटांनी वक्त्याजवळ जाऊन उभे राहायचे. एवढ्यानेही थांबले नाहीत, तर वाक्य संपताच टाळ्या सुरू करायच्या. टाळ्यांवर बोलत राहणारा वक्ता मी क्वचितच पाहिला आहे. माइक बंद करणे मात्र टाळा. तो अपमान होतो आणि भांडण मिटवण्यात जास्त मिनिटे जातात.

उशीर सात मिनिटांहून जास्त झाला तर? तिसऱ्या भाषणाच्या शेवटी तक्ता बघा. तिथे सहा-सात मिनिटे उशीर असेल, तर लाल खुणेचे भाषण अजून व्हायचे आहे, म्हणजे जेवण पुढे जाणार हे धरून चाला आणि त्याच वेळी खानपानवाल्याला निरोप पाठवा. पाचव्या वक्त्याला बारा मिनिटे द्यायचीच. एक वाजून दहा मिनिटांनी गरम जेवण मिळाले तर कोणी कुरकुरत नाही. एक वाजता वाढून ठेवलेले थंड जेवण दहा मिनिटांनी खावे लागले तर कुरकुरतात.

८. समांतर सत्रे असतील तर

शेजारच्या दोन सभागृहांत एकाच वेळी सत्रे असतील तर एक नियम बदलतो. वेळ वाचला म्हणून पुढचे भाषण लवकर सुरू करायचे नाही. दुसऱ्या सभागृहातून कोणीतरी १२.०५ चे भाषण ऐकायला पत्रिका बघून निघालेले असते. दुसऱ्या विद्यार्थिनीने वेळेआधी संपवले आणि उशीर भरून निघाला असेल, तर तिथेच तिला आणखी प्रश्न विचारा.

वक्ता आलाच नाही तर एकाच सभागृहाच्या चर्चासत्रात पुढचा वर सरकवता येतो. समांतर सत्रांत त्याची जागा तशीच ठेवा आणि आधीच्या दोन निबंधांवर चर्चा घ्या. न आलेली व्यक्ती गाडीत अडकलेली असेल आणि सत्र संपण्याआधी पोहोचणार असेल, तर तिला एकत्रित प्रश्नोत्तरांच्या सात मिनिटांत पाच मिनिटे बोलायला देता येतात. पाचव्या वक्त्यानंतर मात्र देऊ नका, पोहोचलेली व्यक्ती कितीही ज्येष्ठ असली तरी.

तक्त्यातल्या मोकळ्या रकान्यात प्रत्येक भाषण प्रत्यक्षात कधी सुरू झाले ते लिहीत जा, आणि जेवणाच्या सुट्टीत तो कागद दुपारच्या सत्राच्या समन्वयकाला द्या. कोणाचा पेनड्राइव्ह चालला नाही, माइक कुठे खरखरतो, फाइल उघडायला किती वेळ लागतो, हे त्याला तुमच्या कागदावरून कळते, आणि त्याची सात मिनिटे पुरतील की त्याने दहा ठेवायला हवीत, ते त्याला अडीच वाजायच्या आत ठरवता येते.